गळती जाहिरातीची की साइटची?

विक्रीचा दर घसरला की बैठकीत दोन तट पडतात. साइट सांभाळणारे म्हणतात, जाहिरातीतून नको ती माणसं येताहेत. जाहिरातवाले म्हणतात, आम्ही माणसं दारापर्यंत आणतो, ती आत अडखळतात. दोघांच्याही हातात एकच आकडा असतो, शंभर भेटींमागे किती ऑर्डर. त्या एका आकड्यावरून हा वाद मिटत नाही, म्हणून आज आपण एक उदाहरण पायरी-पायरीनं सोडवू. आकडे मी समजायला सोपे जावेत म्हणून घेतलेत.

वस्तू पाहण्यापासून पैसे भरण्यापर्यंत ग्राहक ज्या पायऱ्या उतरतो, त्यांची नावं गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये अशी दिसतात: `view_item`, `add_to_cart`, `begin_checkout`, `add_payment_info`, `purchase`. प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीनं भागायचं, पहिल्या पायरीनं नाही. नाहीतर वरची गळती खालच्या प्रत्येक आकड्यात उतरते आणि सगळंच बिघडल्यासारखं वाटतं.

समजा, गेल्या महिन्यात उत्पादनाचं पान 10,000 वेळा पाहिलं गेलं. त्यातले 8,000 सर्चमधून किंवा थेट आलेले, 2,000 जाहिरातीतून. पहिल्या गटातल्या 800 जणांनी वस्तू कार्टमध्ये टाकली, दुसऱ्यातल्या 60 जणांनी. एकूण दर 8.6 टक्के. या महिन्यात जाहिरातीचं बजेट वाढवलं आणि तिथून 8,000 जण आले. कार्टमध्ये टाकणारे 240 झाले. पहिला गट होता तसाच, 800. आता एकूण दर 6.5 टक्के. घसरण दिसते खरी, पण सर्चवाले 10 टक्क्यांवर आणि जाहिरातवाले 3 टक्क्यांवर, दोघंही जागचे हललेले नाहीत. बदललं ते फक्त मिश्रण. इथं साइटवर बोट ठेवणं चूक आहे. म्हणून दर आधी स्रोतानुसार वेगळे करायचे, मगच बोलायचं.

आता खाली उतरू. पेमेंटचा प्रकार निवडलेल्यांपैकी पैसे कितींनी भरले? सर्चवाले 300 पैकी 240, म्हणजे 80 टक्के. जाहिरातवाले 90 पैकी 36, म्हणजे 40 टक्के. इथं बहुतेक जण निकाल देऊन मोकळे होतात: जाहिरातीचे लोक गंभीर नाहीत. मला हे पटत नाही. ज्यानं पत्ता भरला, पेमेंटचा प्रकार निवडला, तो नुसता बघायला आलेला नसतो. नको असलेला माणूस सहसा वरच्या पायऱ्यांवरच गळतो. इतक्या खाली येऊन एकाच स्रोताची माणसं अडत असतील, तर ती कुठल्या वाटेनं आली ते पाहायला हवं.

त्या आधी एक खात्री करून घ्यायची. अ‍ॅनालिटिक्समधल्या `purchase` ची बेरीज 276 आहे. दुकानाच्या स्वतःच्या ऑर्डर-नोंदीत त्याच काळात 279 ऑर्डर आहेत. म्हणजे मोजणी जवळपास बरोबर. तिथं 330 ऑर्डर निघाल्या असत्या, तर पैसे आले पण पेमेंट गेटवेवरून ग्राहक आभाराच्या पानावर परतलाच नाही, म्हणून `purchase` नोंदलं गेलं नाही, असं झालं असतं. ती गळती विक्रीची नव्हे, नोंदीची.

मग ते 90 जण ब्राउझरनुसार वेगळे केले. 30 जण फोनवरच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये होते, त्यांतल्या 24 जणांनी पैसे भरले, 80 टक्के, सर्चवाल्यांइतकेच. उरलेले 60 जण `Android Webview` आणि `Safari (in-app)` मध्ये, म्हणजे जाहिरात दाखवणाऱ्या अ‍ॅपच्या आतच उघडणाऱ्या ब्राउझरमध्ये होते. त्यांतले फक्त 12. 60 हा आकडा लहान आहे, मान्य. पण 48 अपेक्षित असताना 12 येणं हा योगायोग म्हणून सोडण्यासारखा फरक नाही.

अशा वेळी अहवाल मिटवून फोन हातात घ्यावा. अ‍ॅपमधल्या जाहिरातीवर स्वतः टॅप करून ऑर्डर करत जावं. अँड्रॉइडवर पैसे भरायला दुसरं अ‍ॅप उघडायची वेळ येते तेव्हा कधी कधी कोरं पान येतं आणि त्यावर `net::ERR_UNKNOWN_URL_SCHEME` एवढंच लिहिलेलं असतं. अ‍ॅपमधल्या ब्राउझरला ती लिंक कुणाकडे सोपवायची हे कळलेलं नसतं. ग्राहक तीच लिंक बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडायला जातो, तर कार्ट रिकामं, कारण त्या दोघांच्या कुकीज वेगळ्या.

ही गळती फक्त जाहिरातीच्या रांगेत दिसते, पण दोष चेकआउटचा आहे. जाहिरात बंद केली असती तर आकडा सुधारला असता आणि बिघाड तसाच राहिला असता. दुरुस्ती म्हणजे असा ब्राउझर ओळखून तिथं पानावरच पूर्ण होणारा पेमेंटचा पर्याय आधी दाखवणं आणि कार्ट सर्व्हरवर जपून बाहेर उघडायच्या लिंकमध्ये त्याची खूण देणं. त्यानंतर फक्त त्या गटाचा शेवटच्या पायरीचा दर पुन्हा मोजायचा.

वरचा 3 टक्क्यांचा दर मात्र या दुरुस्तीनं हलणार नाही. त्यासाठी जाहिरातीत दाखवलेली वस्तू आणि किंमत उघडणाऱ्या पानावर तशीच दिसते का, हे एकेका जाहिरातीसाठी शेजारी ठेवून पाहावं लागतं.