फोटोतला माणूस थ्रीडी ॲनिमेशनमध्ये, आणि तरी ओळखू येईल असा

[कॅमेऱ्याकडे बघून]

नमस्कार मंडळी. ॲनिमेशनपटातल्या पात्रांचे ते गोलसर चेहरे, मोठे डोळे, मऊ त्वचा आणि केसांच्या कडेला सोनेरी उजेड असा लूक एखाद्या खऱ्या माणसाच्या फोटोवरून करायचा म्हटलं की बहुतेकांचं गाडं एकाच ठिकाणी अडतं. पात्र गोड होतं, पण ते कुणाचं आहे हे कळत नाही. घरच्यांना दाखवलं तर ते म्हणतात, "छान आहे, पण हे कोण?"

दोष बहुतेक वेळा डोळ्यांत असतो. म्हणून आज जास्त वेळ डोळ्यांवर जाणार आहे. त्वचा, केस आणि उजेड नंतर. काम ब्लेंडरमध्ये करतोय, रेंडर त्याच्याच सायकल्स इंजिनमध्ये. प्रमाणांचं गणित मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये तेच राहतं.

[स्क्रीनवर: समोरून काढलेला फोटो]

हा आजचा नमुना. पन्नाशीतल्या बाई, सावळा रंग, जाड भुवया, बाजूला भांग, आणि नीट बघा, डावी पापणी उजवीपेक्षा किंचित खाली आलेली. ही पापणी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

फोटो जरा लांबून काढलेला हवा. हाताच्या अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं दिसतं आणि कान मागे पळतात. तो चेहरा कॅमेऱ्याने केलेला असतो, माणसाचा नसतो. ब्लेंडरच्या कॅमेऱ्याची फोकल लेंग्थ सुरुवातीला ५० मिलिमीटर असते. पोर्ट्रेटसाठी मी ती ८५ करतो, आणि मगच फोटो मागे ठेवून डोकं घडवायला घेतो. आधी अगदी साधं, खऱ्या प्रमाणातलं डोकं. अतिशयोक्ती त्यानंतर.

[स्क्रीनवर: डोक्याचं मॉडेल, डोळ्यांवर मापं]

आता डोळे. या डोक्यावर एका डोळ्याची फट साधारण ३० मिलिमीटर रुंद आहे आणि दोन बाहुल्यांमधलं अंतर ६३. म्हणजे दोन डोळ्यांच्या मध्ये ३३ मिलिमीटर जागा, जवळपास आणखी एक डोळा मावेल इतकी. समजा, आपण दोन्ही डोळे आहेत तिथेच दीडपट केले. फट झाली ४५ मिलिमीटर. मधली जागा उरली फक्त १८! आधी ती एका डोळ्याएवढी होती, आता अर्ध्याहून कमी. चेहरा एकदम डोळे जवळजवळ असलेला दिसायला लागतो, आणि या बाईंचे डोळे तसे नाहीतच. ओळख इथेच जाते. डोळे मोठे झाले म्हणून नाही, त्यांच्यामधली जागा खाल्ली म्हणून.

म्हणून डोळे मोठे करताना ते बाहेरही सरकवायचे. मी बाहुल्यांमधलं अंतर ६३ वरून ७२ वर नेतो. मधली जागा होते २७. हे पूर्वीचं प्रमाण नाही, पण नजरेला चालतं. आता दुसरी अडचण उभी राहते, डोळ्याचा बाहेरचा कोपरा कानशिलाला टेकायला येतो. तेव्हा डोळ्यांच्या रेषेत डोकं साधारण दहा टक्के रुंद करायचं. ॲनिमेशनमधली डोकी वरच्या भागात रुंद का दिसतात, त्याचं एक कारण हेच आहे. मोठ्या डोळ्यांना बसायला जागा लागते.

उंचीचंही असंच आहे. डोळा वरच्या दिशेने मोठा केला तर तो भुवईला धडकतो. मग भुवई वर ढकलावी लागते, आणि पात्र कायमचं दचकलेलं दिसतं. त्यामुळे वाढ खाली, गालाच्या बाजूला घ्यायची. पापणी आणि भुवई यांच्यातलं अंतर फोटोत जसं आहे तसंच ठेवायचं. खाली वाढ घेतल्यावर नाक आपोआप आखूड करावं लागतं. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ साली बाळाच्या चेहऱ्याची जी लक्षणं मांडली, त्यांत मोठे कपाळ आणि खाली बसलेले मोठे डोळे आहेतच. आपण नकळत तिकडे चाललोय. पन्नाशीच्या बाईंना बाळ करायचं नसेल तर थांबायचं कुठे, हेही ठरवायला हवं. मी इथे गालाची रेघ आणि डोळ्यांखालची हलकी घडी ठेवलीये. बारीक सुरकुत्या गेल्या तर हरकत नाही, पण या दोन गेल्या की वय जातं.

आणि ती डावी पापणी. स्कल्प्ट करताना दोन्ही बाजू एकदम घडाव्यात म्हणून सिमेट्री चालू असते. शेवटी ती बंद करा आणि डावी पापणी फोटोप्रमाणे खाली आणा. मी तर थोडी जास्तच आणतो, कारण डोळा मोठा झाला तसा त्यातला फरकही मोठा व्हायला हवा. बघा, एवढ्याने चेहरा फिरला! माझ्या मते सारखेपणाचा निम्मा हिशेब अशा एखाद्या विषम गोष्टीत असतो.

[स्क्रीनवर: बुबुळाचा क्लोजअप, आधी काळवंडलेलं, मग चमकदार]

डोळ्याची रचना थोडक्यात. आत एक गोळा, त्यावर बुबुळ खोलगट बशीसारखं आत गेलेलं. बाहेरून दुसरा पारदर्शक गोळा, पुढे किंचित फुगीर. या फुगवट्यावर दिव्याचं पांढरं प्रतिबिंब पडतं, आणि आतल्या खोलगट भागात दिव्याच्या विरुद्ध बाजूला बुबुळ उजळतं. वर डावीकडे ठिपका आणि खाली उजवीकडे उजेड, ही जोडी जमली की डोळा जिवंत वाटतो.

पण सायकल्समध्ये पहिल्यांदा करणाऱ्याचं बुबुळ हमखास काळं येतं. बाहेरचा काचेचा गोळा आत सावली टाकतो, म्हणून. तो गोळा निवडा, Object Properties मध्ये Visibility, त्यात Ray Visibility, आणि तिथली Shadow ची खूण काढा. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ही लबाडी आहे, पण चालते. आणखी एक, वरच्या पापणीने बुबुळाचा वरचा भाग थोडा झाकलेला हवा. बुबुळाच्या वर पांढरं दिसलं की भीती दिसते.

[स्क्रीनवर: त्वचेचं मटेरियल]

आता त्वचा. अंधारात बोटांमागे टॉर्च धरला की कडा लाल दिसतात. उजेड त्वचेत शिरतो, आत भटकतो आणि दुसरीकडून बाहेर येतो. लाल सगळ्यांत दूर जातो, निळा लगेच संपतो. हे संगणकावर परवडेल असं करण्याची वाट हेन्रिक वान येन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवली. आज आपल्यासाठी ते ब्लेंडरच्या Principled BSDF या मटेरियल नोडमधले, Subsurface खालचे दोन-तीन आकडे आहेत.

त्यातला घोटाळा करणारा आकडा म्हणजे Scale. तो मुळात ०.०५ असतो, म्हणजे पाच सेंटिमीटर. आपलं डोकं खऱ्या मापाचं असेल, तर लाल उजेड पाच सेंटिमीटर आत पसरणार. सगळं डोकं मेणाचं! खऱ्या त्वचेत हे अंतर काही मिलिमीटरचं असतं. या लूकसाठी मी ०.०१ च्या आसपास ठेवतो, खऱ्यापेक्षा जास्त पण मेणापेक्षा कमी. बरोबर बसलं की नाही हे नाकपुड्यांच्या कडेला आणि ओठांच्या मधल्या रेघेत बघायचं. ती रेघ धूसर झाली तर आकडा कमी करा. उजेड आणि सावली जिथे मिळतात तिथे हलकी तांबूस पट्टी दिसली, तर बरोबर आहे.

फोटोतला रंग उचलून तसाच मॉडेलवर चिकटवू नका. फोटोत त्या वेळच्या सावल्या आहेत, त्या तुमच्या नव्या दिव्यांशी भांडतील. रंग सावलीबाहेरच्या भागातून घ्या आणि हाताने रंगवा. गाल, नाकाचं टोक, कान जरा तांबूस.

सावळ्या त्वचेबाबत एक गोष्ट आग्रहाने सांगतो. मऊपणा दिसत नाही म्हणून लोक रंगच उजळ करतात, आणि माणूस बदलून जातो. गडद त्वचेत आत गेलेला उजेड बराचसा शोषला जातो, म्हणून आतून येणारी ती तांबूस झाक कमीच दिसणार. तिथे आकार दाखवतं ते पृष्ठभागावरचं प्रतिबिंब. रंगाला हात लावू नका. Roughness ०.४ च्या जवळ आणा आणि समोरचा दिवा मोठा करा, म्हणजे कपाळावर आणि गालाच्या हाडावर रुंद, मऊ चमक येते.

[स्क्रीनवर: केसांचे पुंजके]

केसांवर फार वेळ घालवत नाही. एकेक केस करायचा नाही. बेझिएर कर्व्हला जाडी द्या, टोकाला निमुळती करा आणि अशा दहा-बारा मोठ्या पुंजक्यांत सगळं डोकं भरा. आधी फक्त काळी बाह्यरेषा बघा. भांग कुठे आहे, केस कपाळावर कसे येतात, एवढं फोटोशी जुळलं की बास. सुटलेल्या दोन-तीन बारीक बटा शेवटी.

[स्क्रीनवर: दिव्यांची मांडणी, वरून]

आता तो सोनेरी उजेड, रिम लाइट. मुख्य दिवा समोर डावीकडे असेल, तर हा मागे उजवीकडे, डोक्याच्या थोडा वर. रंगाचं तापमान साधारण ३००० केल्विन. हा दिवा लहानच पुरतो, कारण पृष्ठभागावर तिरक्या कोनात पडलेला उजेड जास्त परावर्तित होतो. पट्टी किती रुंद हे दिव्याच्या तेजावर नसून जागेवर ठरतं. अगदी मागे नेला तर बारीक रेघ, बाजूला आणला तर रुंद पट्टा. नाकाच्या टोकावर केशरी डाग पडला, म्हणजे दिवा फार पुढे आलाय. कान मात्र यात लालसर उजळू द्या. त्वचेचा आकडा बरोबर असेल, तर ते आपोआप होतं.

मग प्रश्न येतो, "केशरी रंग दिलाय, पण कड पांढरीच येते." तेव्हा लोक रंग अजून गडद करतात आणि तेजही वाढवतात. उलट करायचं. ब्लेंडर ४.० पासून रंगाचं रूपांतर मुळातच AgX वर असतं, आणि त्यात खूप तेजस्वी रंग फिकट होत पांढऱ्याकडे जातो. तेज कमी करा, केशरी परत येईल. इथे मी तेज निम्म्यावर आणलं, आणि रंगाला हातही लावला नाही. बघा.

[स्क्रीनवर: डोकं तीन चतुर्थांश वळलेलं]

शेवटी डोकं थोडं वळवून बघतो. समोरच्या एका फोटोवरून नाक किती पुढे आहे आणि हनुवटी किती मागे, हे कळतच नाही. तो माझा अंदाज आहे. हे पात्र फिरवायचं असेल तर त्याच बाईंचा बाजूने काढलेला आणखी एक फोटो मागून घ्या, शक्यतो तेवढ्याच अंतरावरून.