कॉलमचा लॅप स्लॅबला टेकून का देऊ नये

नमस्कार मंडळी, आज साइटवरूनच बोलतोय. हा मागचा कॉलम बघा, स्लॅबमधून १६ एमएमच्या आठ सळ्या वर आल्यात आणि फिटरने स्लॅबला टेकूनच वरच्या आठही सळ्या त्यांना बांधून टाकल्यात. घरांच्या कामात हे सर्रास दिसतं, आणि हे चुकीचं आहे.

लॅप म्हणजे खालची सळई संपते तिथे नवी सळई शेजारी उभी करून काही अंतर दोन्ही सोबत न्यायच्या. आता तारेने घट्ट बांधलं की झालं असं अनेकांना वाटतं, पण तार फक्त सळई जागेवर धरते. जोर जातो तो खालच्या सळईच्या रिब्समधून काँक्रीटमध्ये आणि तिथून वरच्या सळईत, आणि ही पकड बसायला पुरेशी लांबी लागते.

किती लांबी? एम २५ काँक्रीट आणि ५०० ग्रेडची सळई असेल तर ताणासाठी आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या हिशोबाने सळईच्या जाडीच्या साधारण ४९ पट येते, म्हणजे १६ एमएमला ७८४, आपण ८०० एमएम धरू. साइटवरचा '५० पट' इथे चालतो. पण काँक्रीट एम २० असेल तर ५७ पट लागते, मग तोच ५० पट कमी पडतो, हे लक्षात ठेवा.

आता जागा. भूकंपात कॉलम सगळ्यात जास्त वाकतो तो वरच्या आणि खालच्या टोकाला, तिथलं सळ्यांच्या बाहेरचं काँक्रीट, म्हणजे कव्हर, फुटून पडतं, आणि कव्हर गेलं की लॅपची पकडही गेली. म्हणून भूकंपासाठीचं मानक आयएस १३९२० सांगतं की लॅप कॉलमच्या मधल्या अर्ध्या उंचीतच द्या, एका ठिकाणी निम्म्याहून जास्त सळ्या जोडू नका आणि लॅपच्या पूर्ण लांबीत रिंगा एकमेकींपासून १०० एमएमपेक्षा लांब ठेवू नका.

आपला मजला ३ मीटरचा, बीम ४५० एमएमचा, म्हणजे मोकळी उंची २५५० राहिली. तिचा मधला अर्धा भाग स्लॅबपासून साधारण ६४० ते १९१० एमएम. तर लॅप ६५० ला सुरू करा, १४५० ला संपवा. म्हणजे चार सळ्या स्लॅबच्या वर १४५० ठेवायच्या आणि उरलेल्या चार, एक सोडून एक, न तोडता पुढच्या मजल्यावर न्यायच्या, त्या ४४५० वर ठेवायच्या आणि त्यांचा लॅप तिथे द्यायचा. सगळा लॅप एकाच मजल्यावर वरखाली करू म्हणाल तर १२७० मध्ये ८०० चे दोन लॅप मावतच नाहीत. उंच सळ्या हलतात, त्यांना वर बांधून आधार द्यावा लागतो, फिटर कुरकुरणार, तरी करून घ्या.

आणि हे तपासायची वेळ स्लॅब भरायच्या आधीची. टेप घ्या, स्लॅबच्या वरच्या लेव्हलपासून प्रत्येक सळई मोजा आणि ६५० ला खडूची खूण करून ठेवा.