एकाच पायाची सूज

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी एका पोटरीची गोष्ट सांगणार आहे, डाव्या पोटरीची. अडतीस वर्षांच्या एक बाई माझ्याकडे लंगडतच आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "डॉक्टर, शीर आखडली आहे, काहीतरी चोळायला द्या." पाच दिवसांपूर्वी त्यांनी गाडीतून अकरा तासांचा प्रवास केला होता. मागच्या सीटवर, खिडकीशी, पायाशी सामानाची पिशवी. वाटेत उतरायला लागू नये म्हणून पाणीही कमीच प्यायल्या होत्या. घरी पोचल्या तेव्हा काहीच दुखत नव्हतं. तिसऱ्या दिवशी पोटरीत गोळा आल्यासारखं वाटू लागलं. त्यांनी मलम चोळलं, शेकलं. पण रात्री अचानक येऊन दोन मिनिटांत सुटतो तो गोळा, आणि ही कळ दोन दिवस सुटलीच नव्हती.

मी त्यांना दोन्ही पायांतले मोजे काढायला सांगितले. उजव्या पायावर मोज्याच्या इलॅस्टिकची नुसती रेघ होती. डाव्या पायावर खोल वळ.

आता प्रवासानंतर पाय सुजणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. बराच वेळ पाय खाली सोडून बसलं की दोन्ही पावलं जड होतात, चपला घट्ट होतात आणि एक रात्र आडवं पडलं की सूज उतरते. त्यासाठी कुणी घाबरून दवाखाना गाठू नये. पण सूज एकाच पायाला असेल, दुखणं पोटरीत खोल असेल आणि झोपून उठल्यावरही उतार नसेल, तर आम्ही डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो तो रक्ताच्या गुठळीचा. निदान गुठळीचंच निघेल असं नाही, बरेचदा निघतही नाही. पण ती शक्यता आधी खोडून काढायची आणि मगच स्नायूकडे वळायचं.

ही गुठळी तिथे होतेच कशी? पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायला खाली वेगळं हृदय नाही. ते काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल टाकलं की पोटरी आवळते, आतल्या खोल शिरा दाबल्या जातात, रक्त वर ढकललं जातं आणि शिरांतल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. तासन्‌तास गुडघे मुडपून बसलं की हा पंप बंद पडतो आणि झडपांच्या मागच्या खोबणीत रक्त साकळायला लागतं. १९४० साली लंडनवर बॉम्बफेक होत होती, तेव्हा लोक रात्ररात्र तळघरांत आरामखुर्च्यांवर बसून काढत. त्यांच्यापैकी काहींना फुफ्फुसात गुठळी अडकून अचानक मृत्यू आल्याची नोंद तिथल्या डॉक्टरांनी केली होती. तिथे विमान नव्हतं की प्रवास नव्हता, होतं ते फक्त बसून राहणं. म्हणूनच याला 'विमानातला आजार' म्हटलेलं मला पटत नाही. बस, रेल्वे, मोटार, चार तासांच्या वर बैठक झाली की वाहन कुठलं हा प्रश्न गौण ठरतो.

अर्थात नुसत्या बसण्याने बहुतेकांना काहीच होत नाही. निरोगी माणसाच्या बाबतीत एका लांब विमानप्रवासामागे हा धोका हजारांत एकापेक्षाही कमी असतो. बहुधा दुसरं काहीतरी जोडीला लागतं: नुकतंच झालेलं ऑपरेशन, प्लास्टरमधला पाय, गरोदरपण किंवा बाळंतपण, कर्करोग, पूर्वी होऊन गेलेली गुठळी, स्थूलपणा. म्हणून मी त्या बाईंना विचारलं, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?" त्या म्हणाल्या, "कुठल्याच नाहीत." थोड्या वेळाने, जाता जाता आठवावं तसं, म्हणाल्या, "पाळीच्या घेते, चार महिने झाले. त्या काय औषधात धरायच्या?" धरायच्या. त्यांत इस्ट्रोजेन होतं आणि इस्ट्रोजेन रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढवतं.

मग मी टेप काढली. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर हाडाचा एक उंचवटा लागतो. तिथून दहा सेंटिमीटर खाली, दोन्ही पायांवर अगदी एकाच पातळीला, पोटरीचा घेर मोजायचा. उजवा भरला साडेतेहेतीस, डावा सदतीस. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असला की आम्ही त्याला एक गुण देतो. खोल शिरेच्या मार्गावर दाबल्यावर दुखत होतं, आणखी एक. त्याच पायाच्या सुजेवर बोट दाबलं तर खळगा राहत होता, तिसरा. दुखण्याचं दुसरं तितकंच पटणारं कारण सापडलं असतं तर दोन गुण वजा केले असते. ते सापडलं नाही. दोन किंवा जास्त गुण म्हणजे गुठळीची शक्यता बरीच. गंमत अशी, की या गुणपत्रिकेत लांबच्या प्रवासाला एकही गुण नाही. प्रवास आम्हाला संशय घ्यायला लावतो, पुढचं पायच सांगतो.

गुण कमी असते तर डी-डायमर नावाची रक्ततपासणी पुरली असती. ती निगेटिव्ह आली की गुठळी जवळजवळ नाहीच म्हणता येतं. पॉझिटिव्ह आली तर मात्र तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण संसर्ग, गरोदरपण, वाढतं वय यांतही ती वाढते. या बाईंना मी सरळ पायाच्या सोनोग्राफीला पाठवलं. तिथे यंत्राच्या दांडीने शीर दाबून बघतात. निरोगी शीर मऊ नळीसारखी चपटी होते, आत गुठळी असेल तर होत नाही. बाईंची गुडघ्यामागची शीर चपटी झाली नाही.

त्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या. त्यांना सगळे 'रक्त पातळ करण्याच्या गोळ्या' म्हणतात, पण त्या रक्त पातळ करत नाहीत आणि गुठळी विरघळवतही नाहीत. त्या गुठळीला वाढू देत नाहीत, विरघळवण्याचं काम शरीर सावकाश करतं. म्हणून दुखणं आठवड्यात थांबलं तरी गोळ्या किमान तीन महिने. पाळीच्या गोळ्यांचं काय करायचं ते त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून ठरलं.

राहिली मलमाची गोष्ट. दुखणारी पोटरी चोळावी, कुणाकडून तरी तुडवून घ्यावी असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण गुठळीचा संशय असताना ते करू नका. गुठळीचा तुकडा सुटला तर तो रक्ताबरोबर हृदयातून फुफ्फुसात जाऊन अडकतो. मग एकाएकी धाप लागते, श्वास घेताना छातीत टोचतं, खोकल्यातून रक्त पडतं किंवा माणूस भोवळ येऊन कोसळतो. असं काही झालं तर उद्याची वेळ घेत बसायचं नाही, त्याच क्षणी रुग्णवाहिका बोलवायची.

उलट उदाहरणही सांगतो. एक तरुण अशीच सुजलेली पोटरी घेऊन आला होता, तोही प्रवासातून. पण बस पकडायला धावताना पोटरीत मागून कुणी दगड मारल्यासारखं झालं, हे त्याला नेमकं आठवत होतं. त्याचे गुण कमी भरले, डी-डायमर निगेटिव्ह आली. स्नायूचा धागा तुटला होता.

बाईंचं दुखणं मात्र तिसऱ्या दिवशी सुरू झालं होतं. प्रवासानंतरच्या पहिल्या एकदोन आठवड्यांत गुठळ्या सर्वांत जास्त दिसतात आणि धोका पूर्ण ओसरायला सुमारे दोन महिने लागतात. तोवर माणूस प्रवास विसरून गेलेला असतो आणि डॉक्टरांना सांगतो, "काल जिना चढलो, त्याने असेल." तेव्हा दवाखान्यात गेलात की कालच्या जिन्याबरोबर गेल्या दोन महिन्यांतले प्रवास, ऑपरेशनं आणि 'औषधात न धरलेल्या' गोळ्याही सांगा.

नमस्कार.