दशा बोलते, गोचर दुजोरा देतं का?

[दृश्य: नौपाड्यातला रस्ता, रिक्षांची गर्दी, जुन्या बिल्डिंगचा जिना]

ठाण्यात नौपाड्यात दुसऱ्या मजल्यावरची ही खोली. टेबलावर दाते पंचांग, एक लॅपटॉप आणि तीन पेनं. काका बँकेतून रिटायर झालेत, पत्रिका मात्र नोकरीत असल्यापासून बघतात. चेहरा दाखवू नका म्हणाले, म्हणून आपण हातच बघणार आहोत. खरं सांगायचं तर या फिल्ममध्ये जे काही बघण्यासारखं आहे ते त्या हातांतच आहे.

[दृश्य: कागदावर पत्रिका आखताना हात]

बघा, आधी चौकट. वरच्या मधल्या घरात 8 लिहिलं, म्हणजे वृश्चिक लग्न, जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास, पत्रिकेचं पहिलं घर. मग निळ्या पेनने जन्माचे ग्रह. ही पत्रिका ऐरोलीच्या एका मुलीची आहे, जन्म 1996 चा, पहाटेचा. तिने आणि तिच्या आईने परवानगी दिली, फक्त नाव नको म्हणाल्या. चंद्र मकरेत, श्रवण नक्षत्रात. सप्तमात, म्हणजे विवाहाच्या सातव्या घरात, वृषभ रास येते, तिचा मालक शुक्र, आणि तो शुक्र बसलाय चौथ्या घरात, कुंभेत. लग्नाचा प्रश्न आला की काकांची नजर आधी या शुक्रावर जाते.

आता दशा, म्हणजे आयुष्यात कुठल्या ग्रहाचा काळ कधी चालू असतो त्याचा हिशोब. श्रवणाचा स्वामी चंद्र, म्हणून जन्म चंद्राच्या महादशेत. चंद्राची पूर्ण दशा 10 वर्षांची, पण जन्माच्या वेळी चंद्राने श्रवणाचा थोडा भाग आधीच ओलांडला होता, तेवढी वर्षं वजा करायची. हिची उरली नऊ वर्षं आणि वर एखादा महिना. त्यानंतर मंगळाची 7, मग राहूची 18. राहूच्या पोटात शुक्राची अंतर्दशा येते ती बरोब्बर तीन वर्षांची, कारण राहूची 18 गुणिले शुक्राची 20 भागिले सगळ्या दशांची मिळून 120. हिशोब काकांनी मागच्या पानावर हाताने केला, सॉफ्टवेअर समोर उघडं असताना! उत्तर आलं सप्टेंबर 2023 ते सप्टेंबर 2026.

[दृश्य: पेन्सिल उचलताना हात]

आणि आता पेन्सिल. ही गोष्ट नीट बघा कारण सगळा मुद्दा इथेच आहे. जन्माचे ग्रह चौकटीच्या आत निळ्या पेनने, आणि आज आकाशात जे ग्रह जिथे आहेत ते चौकटीच्या बाहेर पेन्सिलने, कारण ते सरकणार, खोडावे लागणार. हे गोचर. गोचर सगळ्यांना सारखंच असतं हो. गुरू वृषभेत गेला की तो तुमच्यासाठी, माझ्यासाठी आणि खाली वडापाव तळणाऱ्या दादासाठीही वृषभेतच. दशा मात्र तुमच्या एकट्याच्या जन्मवेळेतून निघते.

काकांचं बँकेतलं वाक्य, "दशा म्हणजे लोन सँक्शन झालं, गोचर म्हणजे पैसे खात्यात पडले. सँक्शन नसेल तर शाखेत रोज चकरा मारून काय होणार?"

आता या चकरा बघू.

[दृश्य: आईची फाईल, जुनी पानं, कडेला पेनने लिहिलेले शेरे]

ही आईची फाईल. 2018 च्या ऑक्टोबरपासून जवळजवळ वर्षभर गुरू वृश्चिकेत होता, म्हणजे हिच्या लग्नी, आणि तिथून सातवी दृष्टी थेट सप्तमावर. कुणीतरी ठामपणे सांगितलं, यंदा लग्न झालंच पाहिजे. पानावर लाल शाईत लिहिलंय, 'विवाहयोग प्रबळ'. मुलगी तेव्हा जेमतेम बावीस-तेवीसची, स्थळं आली, काहीच जमलं नाही. तेव्हा चालू होती राहूत शनी, आणि वृश्चिक लग्नाला शनी तिसऱ्या-चौथ्या घरांचा मालक, सप्तमाचा नव्हे.

काका म्हणतात यात गुरूची चूक नाही, वाचणाऱ्याची आहे. गुरूची दृष्टी पाचवी, सातवी, नववी. म्हणजे तो सप्तमात असताना, लग्नी असताना, तिसऱ्यात आणि अकराव्यात असताना, असा बारा वर्षांतून साधारण चार वर्षं सप्तमाला हात लावतोच. नुसतं गोचर बघून दर तिसऱ्या वर्षी विवाहयोग सांगता येतो, आणि कधीतरी तो खरा ठरणारच ना!

मग नुसती दशा धरली तर? तेही झालं. सप्टेंबर 2023 ला शुक्राची अंतर्दशा लागली, पहिले सहा महिने तर प्रत्यंतरही, म्हणजे अंतर्दशेच्या पोटातला काळही शुक्राचाच, म्हणजे दशेच्या बाजूने याहून जास्त काय हवं. पनवेलचं एक स्थळ साखरपुड्यापर्यंत आलं आणि मोडलं. पेन्सिल बघा, गुरू तेव्हा मेषेत, हिच्या सहाव्या घरात. तिथून त्याची दृष्टी ना वृषभेवर ना कुंभेतल्या शुक्रावर.

[दृश्य: रबराने गुरू खोडून पुढच्या घरात लिहिताना हात]

1 मे 2024. गुरू खोडला, वृषभेत लिहिला. आता तो सप्तमात, समोर लग्नावर दृष्टी, आणि नववी दृष्टी मकरेतल्या चंद्रावर. शनी तेव्हा कुंभेत, बरोब्बर जन्मशुक्राच्या घरात. गुरू आणि शनी दोघांनी एकाच वेळी सप्तमाला किंवा सप्तमेशाला, म्हणजे सप्तमाच्या मालकाला, स्पर्श केला पाहिजे असं बरेच ज्योतिषी मानतात, बोलताना त्याला डबल ट्रान्झिट म्हणतात. शनी कुंभेतून मीनेत गेला 29 मार्च 2025 ला. म्हणजे गुरू सप्तमात आणि शनी शुक्राच्या घरात, असे दशेने दिलेल्या तीन वर्षांतून गोचराने कापून काढले साधारण अकरा महिने. काकांनी तेवढ्यावरच बोट ठेवलं होतं. सप्टेंबरात बोलणी, डिसेंबरात लग्न. लग्नाचं शूटिंग आपल्याकडे नाही, हे दोन फोटो आहेत.

गंमत म्हणजे तेव्हा मकरेला साडेसाती चालूच होती, शेवटचं अडीचकं. राशीभविष्य वाचणाऱ्या मावशीने थांबा म्हटलं होतं. मकर राशीच्या सगळ्यांनी साडेसात वर्षं लग्नं केली नाहीत असं झालं नाही, एवढं तरी आपल्याला कळतं.

[दृश्य: लॅपटॉपची स्क्रीन, सेटिंगमध्ये अयनांश]

हे सगळं कुठे फसतं? जन्मवेळेत. हिच्या पत्रिकेत दहा मिनिटं इकडेतिकडे झाली की सगळ्या दशा तीन-चार आठवड्यांनी सरकतात. आणि अयनांश, म्हणजे राशीचक्राची सुरुवात किती अंशांनी सरकवून मोजायची ते माप. लाहिरी पद्धतीऐवजी रामन निवडलं तर सुमारे दीड अंशाचा फरक पडतो, आणि तेवढ्याने हिची दशा वर्षाहून जास्त हलते! मोबाईल ॲपवर वेगळी तारीख आली म्हणून भांडायला येणाऱ्यांना काका आधी सेटिंग उघडायला लावतात.

आणि हो, 2008 मध्ये जयंत नारळीकरांनी महाराष्ट्रातल्या ज्योतिषांची चाचणी घेतली, पत्रिकेवरून मूल हुशार की मतिमंद हे सांगायचं होतं, 27 जणांनी उत्तरं दिली आणि 46 टक्के बरोबर आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. दशा-गोचराची चाचणी ती नव्हती, पण हेही ऐकून ठेवा.

[दृश्य: पुन्हा तीच पत्रिका, समोर मुलगी, फक्त हात]

यावेळी तिचा प्रश्न नोकरी सोडण्याचा आहे. काका दशमाकडे, म्हणजे नोकरीच्या दहाव्या घराकडे वळले. तिथे सिंह, मालक रवी. राहूत रवीची अंतर्दशा लागते सप्टेंबर 2026 ला, गुरू सिंहेत येतो ऑक्टोबरच्या शेवटी. मुलगी खूश. काकांनी पेन्सिल मीनेकडे नेली. शनी तिथून सिंहेकडे बघत नाही, मकरेतल्या जन्मरवीकडेही नाही. "एकच सही आहे," म्हणाले, "राजीनामा देऊ नकोस, ऑफर शोधायला लाग. आणि तुझ्या जन्मवेळेचा हॉस्पिटलचा कागद घेऊन ये, आईच्या आठवणीवर किती दिवस चालवायचं?"