भेट संपल्यानंतरची वर्गणी

श्रोतेहो, नमस्कार. वाढदिवसाला किंवा लग्नाच्या निमित्ताने एखाद्या सेवेची वर्गणी भेट देणे आता सर्रास झाले आहे. कुणी चित्रपट-मालिकांच्या सेवेची वर्गणी देतो, कुणी मासिकाची, तर कुणी दर आठवड्याला घरपोच येणाऱ्या, मोजून बांधलेल्या शिध्याच्या पेटीची. आज मला बोलायचे आहे ते या भेटीच्या शेवटच्या दिवसाबद्दल. कारण भेट संपते, पण वर्गणी संपतेच असे नाही.

माझ्या एका मित्राच्या वडिलांना, आम्ही सगळे ज्यांना काका म्हणतो त्यांना, त्यांच्या मुलीने अशा तीन पेट्या भेट दिल्या. पाकिटात एक सांकेतिक क्रमांक होता. काकांनी तो भरला, पत्ता लिहिला आणि पुढच्या रकान्यात बँकेच्या कार्डाचा तपशीलही दिला, कारण त्याशिवाय फॉर्म पुढे सरकतच नव्हता. तीन शनिवारी तीन पेट्या आल्या आणि काकांनी हौसेने स्वयंपाक केला. चौथ्या शनिवारी चौथी पेटी आली. काकांना गहिवरून आले आणि त्यांनी मुलीला फोन करून आभार मानले. ते आधीच्या पेट्यांबद्दल बोलत आहेत असे समजून तीही खूश झाली. पाचवी पेटी आल्यावर त्यांनी पुन्हा आभार मानले, तेव्हा मात्र मुलीने विचारले, "बाबा, पाचवी कुठून आली?" बँकेचे संदेश उघडून पाहिले, तर दोन्ही पेट्यांचे पैसे काकांच्याच कार्डावरून गेलेले.

काकांनी तत्काळ फोनमधले ॲप काढून टाकले आणि विषय संपला असे मानले. सहावी पेटी वेळेवर आली. मग त्यांनी ॲप पुन्हा घेतले आणि त्यातले 'स्किप' हे बटण दाबले. त्याने फक्त पुढचा एक आठवडा वगळला गेला. अखेर मुलीने त्यांच्या शेजारी बसून खाते उघडले. रद्द करण्याची सोय योजनेच्या तपशिलात अगदी तळाशी होती. ती दाबल्यावर आधी कारण विचारले गेले, मग सवलत देऊ केली गेली, आणि त्यानंतरच्या पडद्यावर ठसठशीत रंगीत बटण होते 'चालू ठेवा' असे, तर त्याखाली फिकट, बारीक अक्षरांत 'तरीही रद्द करा'. (ज्या कंपनीला आपल्या मालाची खात्री असते, तिला दार इतके अरुंद करण्याची गरज का भासावी, हे मला कधीच कळलेले नाही.) रद्द झाल्याचा ईमेल आला तेव्हाच मुलगी उठली.

काकांना कंपनीने आधी कळवले नव्हते, असेही नाही. दर आठवड्याला 'या वेळी काय शिजवणार?' असा ईमेल येत होता आणि काका तो जाहिरात समजून सोडून देत होते. पदार्थ निवडले नाहीत तर कंपनी स्वतः निवडते आणि पेटी रवाना करते. त्यातही शनिवारच्या पेटीसाठी नकार कळवण्याची मुदत आधीच्या सोमवारी संपत होती. म्हणजे तिसरी पेटी हाती आल्यावर काकांकडे जेमतेम दोन दिवस होते.

यामागचे कारण साधे आहे. अशी भेट बहुतेक वेळा नेहमीच्याच वर्गणीच्या खात्यात आगाऊ जमा केलेली रक्कम असते. ती संपली की पुढचे पैसे खात्याला जोडलेल्या कार्डावरून जातात. म्हणून पुन्हा सांगतो: ॲप काढणे म्हणजे वर्गणी रद्द करणे नव्हे, आणि आठवडा वगळणे म्हणजेही रद्द करणे नव्हे. कार्डाची मुदत संपली की वर्गणी आपोआप बंद पडेल, या भरवशावरही राहू नये, कारण नव्या कार्डाचा तपशील अनेकदा कार्डयंत्रणेमार्फत कंपनीपर्यंत परस्पर पोहोचतो.

चित्रपटांच्या सेवेत सहसा भेट स्वीकारली त्याच दिवशी पुढचे नूतनीकरण रद्द करता येते, आणि भरलेल्या मुदतीपर्यंत सेवा चालू राहते. वर्गणी फोनच्या ॲप स्टोअरमार्फत सुरू झाली असेल, तर ती तिथूनच रद्द करावी लागते. शिध्याच्या पेटीत मात्र ही घाई अंगाशी येऊ शकते, कारण लगेच रद्द केल्यास उरलेल्या पेट्याही थांबण्याचा संभव असतो. तिथे शेवटच्या पेटीतील बदलांची मुदत उलटली की लगेच, ती पेटी घरी येण्याची वाट न पाहता, रद्द करावे.

छापील मासिकाची भेट मला या सगळ्यांत सभ्य वाटते, कारण तिथे घेणाऱ्याचे कार्ड सहसा कुणी मागत नाही. मुदत संपण्याच्या बरीच आधी नूतनीकरणाची पत्रे मात्र येऊ लागतात, आणि ती थेट बिलासारखी छापलेली असतात: वर ग्राहक क्रमांक, खाली रक्कम, कोपऱ्यात 'अंतिम सूचना'. वर्गणी पुढे चालवण्यास आपण होकार दिलेला नसेल, तर ते बिल नसते. त्याला उत्तर दिले नाही, तर मासिक यायचे थांबते, इतकेच.