नोटिशीतले १०.१७ टक्के

मागच्या हंगामात कोकणातले एक कोळंबी निर्यातदार अमेरिकेच्या वाणिज्य खात्याची अँटी-डंपिंग ड्युटीची नोटीस घेऊन माझ्याकडे आले. इंग्रजी पानांवर त्यांना एकच आकडा कळला होता, १०.१७ टक्के. "साहेब, एवढी ड्युटी मी भरायची का? आणि आम्ही इथे कोळंबी विकतच नाही, मग डंपिंग कसलं?"

दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा असेल. डंपिंग म्हणजे घरच्या बाजारभावापेक्षा स्वस्तात परदेशी विकणं. पण घरची विक्री अमेरिकेत पाठवलेल्या मालाच्या पाच टक्क्यांहून कमी असली, तर वाणिज्य खात्याचे अधिकारी घरचा भाव धरतच नाहीत. मग जपानसारख्या तिसऱ्या देशाला विकलेल्या मालाचा भाव धरतात, किंवा उत्पादनखर्च आणि नफा मिळवून भाव बांधतात. म्हणजे इथे एक किलोही न विकणारा माणूस डंपिंगमध्ये सापडू शकतो.

आता १०.१७. भारतीय गोठवलेल्या कोळंबीवर अमेरिकेचा आदेश १ फेब्रुवारी २००५चा आहे, आणि ज्यांचा स्वतःचा दर ठरलेला नाही अशा सगळ्यांना त्यात हा दर लावला आहे. नोटिशीत त्याला 'कॅश डिपॉझिट' म्हटलंय. ही अनामत आहे, आणि ती अमेरिकेतला आयातदार भरतो. समजा एक लाख डॉलरचा कंटेनर गेला, तर त्याने १०,१७० डॉलर ठेवले. पुढे वार्षिक आढाव्यात खरा दर चार टक्के निघाला, तर ६,१७० डॉलर त्याला व्याजासकट परत मिळतात. पंधरा निघाला, तर आणखी ४,८३० डॉलर आणि व्याज भरावं लागतं. आढावा मागायची मुदत दर फेब्रुवारीत असते. कुणीच मागितला नाही, तर अनामत हीच ड्युटी ठरते. मागितला गेला आणि यादीत आपलं नाव असलं, तर आलेल्या प्रश्नावलीला मुदतीत उत्तर द्यायलाच हवं. न देणाऱ्याला हाताशी असलेल्या माहितीतला सर्वांत प्रतिकूल दर लावता येतो.

मला खरी काळजी वाटली ती त्यांच्या खिशातल्या दुसऱ्या कागदाची. आयातदाराने पत्र मागितलं होतं, 'ही ड्युटी आम्ही तुम्हाला भरून देऊ.' धंदा टिकवायला ते सहीला तयार होते. पण आयातदाराला कस्टम्सकडे लिहून द्यावं लागतं की निर्यातदाराने ड्युटीची भरपाई केलेली नाही. ते लिहून दिलं नाही, तर भरपाई झाली असं धरून ड्युटी दुप्पट आकारतात.

"मग भाव तेवढा उतरवतो," ते म्हणाले. त्यानेही भागत नाही. निर्यातीचा भाव खाली आला की दोन भावांतलं अंतर वाढतं, आणि पुढच्या आढाव्यातला दर त्या अंतरावरूनच निघतो.

ते पत्र त्यांनी पाठवलं नाही.