स्लॅबचा किती भाग बीमचा?

श्रोतेहो, नमस्कार. तुम्ही आत्ता एखाद्या वर्गखोलीत किंवा सभागृहात बसला असाल, तर क्षणभर वर छताकडे पाहा. स्लॅबच्या खाली ठरावीक अंतरावर उतरलेल्या बीमच्या कडा दिसतील. आपल्याला बीम म्हणजे तो खाली दिसणारा आयताकृती भाग वाटतो. प्रत्यक्षात स्लॅब आणि बीम एकाच वेळी ओतलेले असतील, तर बीमच्या दोन्ही बाजूंचा स्लॅबचा काही पट्टा बीमबरोबरच वाकतो आणि बीमचाच अवयव होऊन काम करतो. या एकसंध छेदाचा आकार इंग्रजी टी अक्षरासारखा असतो. वरचा आडवा पट्टा म्हणजे फ्लँज आणि खालचा उभा भाग म्हणजे वेब. हा पट्टा नेमका किती रुंद धरायचा आणि तो धरल्याने बीमच्या आरेखनात काय बदलते, एवढ्याच प्रश्नाविषयी मी आज बोलणार आहे.

संपूर्ण स्लॅबच बीमला मदत करतो असे का म्हणत नाहीत, हे आधी समजून घेऊ. साधा टेकू दिलेला बीम वाकतो तेव्हा मध्यावर त्याच्या वरच्या अंगाला दाब येतो आणि खालच्या अंगाला ताण येतो. वरचा दाब स्लॅबमध्ये आपोआप जात नाही. तो वेबच्या माथ्यावरून, वेब आणि स्लॅब यांच्या सांध्यातल्या कर्तनाच्या वाटेने, बाजूला पसरत जातो. त्यामुळे वेबच्या अगदी डोक्यावर दाब सर्वांत जास्त असतो आणि जसजसे दूर जावे तसतसा तो ओसरत जातो. दोन बीमच्या बरोबर मधोमध असलेल्या स्लॅबला या दाबाची फारशी खबरही लागत नाही. हा ओसरत जाणारा दाब प्रत्येक वेळी काटेकोर मोजत बसणे व्यवहारात शक्य नसते. म्हणून एक कल्पित रुंदी धरतात, जिच्यावर सर्वत्र सारखाच दाब आहे असे मानले तरी एकूण बल तेवढेच भरेल. या कल्पित रुंदीला फ्लँजची प्रभावी रुंदी म्हणतात. थिओडोर फॉन कार्मान यांनी १९२४ मध्ये या कल्पनेला गणिती पाया दिला. आज आपण वापरतो ती सूत्रे मात्र पुष्कळ सोपी केलेली आहेत.

आपल्याकडे हे आयएस ४५६ या २००० सालच्या भारतीय मानकात दिलेले आहे. टी बीमसाठी बीमवरील शून्य-आघूर्णाच्या, म्हणजे वाकवणारा मोमेंट शून्य असतो अशा, दोन बिंदूंमधल्या अंतराचा सहावा भाग घ्यायचा, त्यात वेबची रुंदी मिळवायची आणि त्यात स्लॅबच्या जाडीची सहापट मिळवायची. येणारी रुंदी अर्थातच शेजारच्या बीमच्या वाट्याचा स्लॅब ओलांडू शकत नाही. म्हणजे वेबची रुंदी आणि दोन्ही बाजूंच्या मोकळ्या अंतरांच्या बेरजेचा निम्मा भाग, एवढीच तिची कमाल मर्यादा. या सूत्रातला पहिला भाग ध्यानात घ्यावा. बीम जितका लांब, तितका दाबाला बाजूला पसरायला वाव जास्त, म्हणून रुंदीचा संबंध थेट लांबीशी जोडलेला आहे. अनेक आधारांवरून जाणारा सलग बीम असेल तर शून्य-आघूर्णाचे बिंदू आधारांपासून आत सरकतात, आणि मानक त्या अंतरासाठी प्रभावी गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, ०.७ पट धरायला सांगते.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. शाळेची वर्गखोली आहे. बीम ३ मीटर अंतरावर आहेत, गाळा ६ मीटर, स्लॅब १२० मिलिमीटर जाड, वेब २३० मिलिमीटर रुंद, आणि बीमची एकूण खोली स्लॅब धरून ५०० मिलिमीटर. काँक्रीट एम २५ आणि पोलाद एफई ५००. बीम दोन्ही टोकांना साधा टेकलेला आहे असे समजू. स्लॅबचे स्वतःचे वजन चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, फरशी आणि गिलाव्यासाठी १, आणि वर्गखोलीचा चल भार ३, असे मिळून ७ होतात. प्रत्येक बीमच्या वाट्याला ३ मीटरचा पट्टा येतो, म्हणजे मीटरला २१ किलोन्यूटन. त्यात वेबचे सुमारे २.२ मिळवले आणि सुरक्षिततेसाठी दीडपट केले की ३४.८ किलोन्यूटन प्रतिमीटर भार येतो. मध्यावरचा बेंडिंग मोमेंट जवळपास १५७ किलोन्यूटन मीटर निघतो.

प्रभावी रुंदी पाहू. ६००० चा सहावा भाग १०००, वेब २३०, आणि १२० ची सहापट ७२०. बेरीज १९५० मिलिमीटर. शेजारच्या बीमची मर्यादा ३००० आहे, म्हणून १९५० हीच रुंदी धरायची. याचा अर्थ, दोन बीममधल्या ३ मीटर स्लॅबपैकी साधारण दोन तृतीयांश भाग हिशेबात बीमला मिळतो.

यानंतर पाहायचे ते उदासीन अक्ष, म्हणजे दाब आणि ताण यांच्यामधली सीमारेषा, कुठे पडतो हे, कारण टी बीमचा सगळा हिशेब त्यावर ठरतो. बीमच्या माथ्यापासून सळयांच्या मध्यापर्यंतची प्रभावी खोली ४५० मिलिमीटर धरली, तर १५७ चा मोमेंट पेलायला उदासीन अक्ष माथ्यापासून फक्त २० मिलिमीटर खाली पडतो. १२० मिलिमीटर जाडीच्या स्लॅबपैकी वरचे २० मिलिमीटर तेवढे दाबात असतात. उरलेले १०० मिलिमीटर ताणाच्या बाजूला जातात. म्हणून हा छेद दिसायला टी असला तरी गणितात तो १९५० मिलिमीटर रुंदीचा आयत ठरतो. नेहमीच्या मजल्यांच्या बीममध्ये बहुतेक वेळा असेच होते. उदासीन अक्ष स्लॅबच्या खाली, वेबमध्ये उतरतो तेव्हाच फ्लँज आणि वेब यांचा हिशेब वेगवेगळा करावा लागतो.

लागणारे पोलाद ८१५ चौरस मिलिमीटर येते. २० मिलिमीटरच्या ३ सळया ९४२ देतात आणि २३० च्या रुंदीत त्या एका थरात मोकळ्या बसतात. हाच बीम फ्लँज न धरता २३० रुंदीचा आयत म्हणून काढला असता, तर सुमारे ९९० पोलाद लागले असते. पोलादाची बचत अठरा टक्क्यांच्या आसपास झाली. ही बचत वाटते तितकी मोठी नाही, आणि टी बीमचा खरा लाभ त्यात आहे असे मला वाटत नाही. खरा लाभ दुसरा आहे. फक्त ताणाच्या पोलादावर आयताकृती छेद किती मोमेंट पेलेल याची मर्यादा जवळपास १५५ किलोन्यूटन मीटर येते, म्हणजे १५७ चा मोमेंट तिच्या बाहेर जातो आणि वरच्या बाजूला दाबाचे पोलाद घालावे लागते. फ्लँज धरल्यावर मात्र काँक्रीटच्या दाबाकडे भरपूर हात राखून असतो. असा बीम जास्त भाराने खचायला लागला, तर काँक्रीट फुटण्याच्या खूप आधी खालची सळई ताणली जाते, तडे रुंदावतात, आणि इमारतीतल्या माणसांना सावध व्हायला वेळ मिळतो.

शिअरच्या, म्हणजे कर्तनाच्या, बाबतीत मात्र फ्लँजला विसरायचे. शिअर पेलणारी रुंदी म्हणजे वेबची २३० मिलिमीटर, आणि सळयांना वेढणाऱ्या रिंगांचे अंतर त्याच रुंदीवर ठरते.

इथे माझा एक अनुभव सांगतो. एका कामावर स्लॅब ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी मी पोलाद तपासायला चढलो. बीमचे पोट शटरिंगच्या फळीत व्यवस्थित बसले होते, सळयाही बरोबर होत्या. पण रिंगेवर हात ठेवून वर पाहिले, तर तिचा माथा स्लॅबच्या तळाच्या फळीलाच येऊन थांबला होता. नकाशात ५०० लिहिले होते ते स्लॅब धरून होते. सळई बांधणाऱ्याने १२० वजा करून उरलेल्या ३८० च्या मापाने रिंगा वाकवल्या होत्या. फ्लँजमधला दाब वेबमधून ज्या सांध्यातून वर जातो, तिथे एकही उभी सळई नव्हती. स्लॅब ओतल्यावर ही चूक कुणालाही दिसली नसती. आम्ही ओतणे एक दिवस पुढे ढकलले, नव्या मापाच्या रिंगा वाकवून घेतल्या, आणि त्यांचे माथे स्लॅबच्या वरच्या सळयांपर्यंत नेले. तेव्हापासून मी रिंगेची उंची स्वतः टेपने मोजतो.

अशीच चूक ओतण्याच्या पद्धतीत होते. काही ठिकाणी बीम स्लॅबच्या तळापर्यंत आधी भरतात आणि स्लॅब काही दिवसांनी भरतात. मधल्या काळात बीमच्या माथ्यावर सिमेंटच्या दुधाची पांढरट साय धरते. तिच्यावर अंगठा घासला की भुकटी हाताला लागते. ती खरवडून खडी उघडी केल्याशिवाय वर स्लॅब ओतला, तर टी बीमचे गणित ज्या एकसंधपणावर उभे आहे तोच शंकास्पद होतो. शक्य असेल तर बीम आणि स्लॅब एका दमात भरावेत. स्लॅबच्या मुख्य सळया बीमला समांतर असतील, तर बीमवरून आडव्या जाणाऱ्या सळया वेगळ्या द्याव्या लागतात, आणि त्या स्लॅबच्या मध्यावरील मुख्य पोलादाच्या निदान ६० टक्के हव्यात. त्या नसतील तर बीमच्या कडेने, त्याच्या लांबीच्या दिशेने, स्लॅबच्या माथ्यावर तडा उमटतो.

आता सलग बीमविषयी, कारण विद्यार्थ्यांची सर्वाधिक चूक इथे होते. तीन किंवा अधिक समान गाळे असतील, तर मानकातल्या गुणकांनी आपल्या बीमच्या टोकाच्या गाळ्यात मध्यावर सुमारे ११३ आणि पहिल्या आतल्या आधारावर सुमारे १३१ किलोन्यूटन मीटर येतो. आधारावर बीम उलटा वाकतो. ताण वर, स्लॅबमध्ये, आणि दाब खाली, वेबच्या तळाशी. स्लॅब तिथे तडकतो आणि दाबाच्या कामी येत नाही. उरते ती २३० ची रुंदी. म्हणजे जास्त मोमेंट आणि कमी रुंदी एकाच जागी येतात. १५५ च्या मर्यादेपुढे १३१ बसतो, पण भार थोडा वाढला की खोली वाढवावी लागते, किंवा तळाशी दाबाचे पोलाद द्यावे लागते. खोली ठरवताना म्हणूनच आधी आधाराचा छेद तपासावा. वरच्या सळया सगळ्या वेबच्या रुंदीत कोंबू नयेत. काही लगतच्या स्लॅबमध्ये पसरवल्या, तर व्हायब्रेटरची सुई खाली जायला जागा राहते.

बांधून झालेल्या मजल्यावर जिन्यासाठी किंवा डक्टसाठी बीमच्या एका बाजूचा स्लॅब कापायचा असेल, तर हाच हिशेब उपयोगी पडतो. आपल्या साध्या टेकलेल्या बीमची एक बाजू गेली की तो एल बीम होतो. त्याची प्रभावी रुंदी गाळ्याचा बारावा भाग, वेब आणि जाडीची तिप्पट, म्हणजे १०९० मिलिमीटर. भार कमी झाला नाही असे धरले तरी ८२८ चौरस मिलिमीटर पोलाद लागते, आणि आपण ९४२ दिलेले आहे. वाकण्याच्या हिशेबात हा बीम तग धरतो; मात्र भार एकाच बाजूने येऊ लागल्याने त्याला पीळही बसतो, तो वेगळा तपासावा लागतो. दोन्ही बाजूंचा स्लॅब मध्यावर कापला, तर मात्र १५५ ची मर्यादा आणि १५७ चा मोमेंट समोरासमोर येतात, आणि त्या बीमखाली आधी टेकू लावल्याशिवाय कटरला हात लावू देऊ नये.